स्टँडिंग सीम पत्र्याच्या रेषा रेंडरमध्ये धारदार कशा येतात

प्रश्न: बेळगावात खानापूर रोडला एका घराचं एक्स्टिरियर रेंडर ब्लेंडरमध्ये करतोय. छप्पर स्टँडिंग सीम पत्र्याचं, १०.३ मीटर रुंद, उतारावर ६ मीटर, दक्षिणेकडे १० अंश उतार. बंप टेक्श्चर लावलंय, पण सीमच्या रेषा धूसर दिसतात आणि पत्रा कधी प्लास्टिकसारखा तर कधी आरशासारखा वाटतो. काय चुकतंय?

उत्तर:

आधी टेक्श्चर काढून टाका. २०४८ पिक्सेलची इमेज १०.३ मीटरवर ताणली की एक पिक्सेल साधारण ५ मिलिमीटरचा होतो. सीमची जाडी धरली १० मिलिमीटर, म्हणजे तुमची अख्खी सीम दोन पिक्सेलांत बसवलेली आहे. ती धूसरच दिसणार. शिवाय बंपला खरी उंची नसते. त्यामुळे पत्र्यावर तिची सावली पडत नाही आणि वळचणीच्या कडेला सीमची टोकं वर आलेली दिसत नाहीत. जाणकार माणसाची नजर पहिली त्या कडेवरच जाते.

दूरून दिसणारी धारदार रेषा ही मुळात सीमच्या जाडीची नसतेच. १९२० पिक्सेलच्या चित्रात छप्पर हजारेक पिक्सेल रुंद असेल, तर १० मिलिमीटरची सीम जेमतेम एक पिक्सेल भरते. डोळ्याला रेषा म्हणून जे दिसतं ते म्हणजे सीमची उन्हातली बाजू आणि तिच्या पलीकडे पडलेली सावली. सावली मिळवायची तर सीम खरी उभी करावी लागते आणि ऊन तिच्यावर आडवं पडावं लागतं.

सीम मॉडेल करणं सोपं आहे. उभ्या सीमची उंची २५ मिलिमीटर आणि दोन सीममधलं अंतर ४०० मिलिमीटर धरू, निवासी कामाला ही मापं नेहमीची आहेत. आता १०.३ मीटरला ४०० ने भागलं तर २५ पत्रे बसतात आणि ३०० मिलिमीटर उरतात. ही उरलेली पट्टी एका टोकाला ढकलू नका. चांगला फिटर छप्पर मधोमध धरून आखतो, म्हणजे मध्ये ४०० चे २४ पत्रे आणि दोन्ही कडांना ३५० चा एकेक. मग आतल्या सीम होतात २५. पहिली सीम कडेपासून ०.३५ मीटरवर, शेवटची ९.९५ वर, आणि पुढे पुन्हा ०.३५. दोन्ही टोकांच्या कडांवर सीम नाही, तिथे घडीचा फ्लॅशिंग पत्रा येतो.

१० मिलिमीटर रुंद, २५ मिलिमीटर उंच आणि ६ मीटर लांब असा एक ठोकळा करा. तो आडवाच ठेवून मॉडेल करा, लांबी `Y` दिशेला. १० अंशांचा उतार सगळ्यात शेवटी द्या. `Ctrl+A` मधून `Scale` लावून घ्या, नाहीतर बेव्हल एका बाजूला ताणलं जातं.

```
Array:   Fit Type = Fixed Count, Count = 25
         Relative Offset = off
         Constant Offset X = 0.4 m
Bevel:   Amount = 0.0015 m, Segments = 2
```

`Relative Offset` बंद करायचं राहिलं तर त्याचं अंतर ०.४ मध्ये मिळवलं जातं. एकच सीम १० मिलिमीटरची, म्हणून अंतर ४१० होतं आणि शेवटची सीम छपराच्या कडेवर जवळजवळ येऊन टेकते. हा घोळ पटकन लक्षात येत नाही, म्हणून शेवटची सीम ९.९५ वरच आहे ना हे मोजून बघा.

पत्र्यांच्या सपाट पट्ट्याही तशाच `Array` ने करा, पण `Merge` बंद ठेवा म्हणजे प्रत्येक पट्टी वेगळी राहते. पुढे मटेरियलमध्ये त्याचा उपयोग आहे. पट्टी आढ्यापासून वळचणीपर्यंत सलग हवी. ६ मीटरच्या पाख्याला मध्ये आडवा जोड लागत नाही. आपल्याकडे नेहमीचा पत्रा वरून स्क्रूने ठोकलेला बघायची सवय असते, म्हणून बरेच जण इथेही स्क्रूच्या ओळी काढतात. स्टँडिंग सीममध्ये क्लिप सीमच्या घडीत लपलेल्या असतात. पत्र्याच्या तोंडावर एकही डोकं दिसता कामा नये.

आता उन्हाकडे या, कारण इथेच बहुतेक रेंडर फसतात. तुमचं पाखं दक्षिणेकडे उतरतं, म्हणजे सीम उत्तर-दक्षिण धावतात. डिसेंबरात भर दुपारी सूर्य बरोबर दक्षिणेला असतो. बेळगावात ही वेळ घड्याळात साडेबाराच्या आसपास येते. तेव्हा ऊन सीमच्या लांबीवरून सरळ घसरत जातं आणि सावली शून्य. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तर इथे दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावरच असतो, तेव्हाही तेच. ऊन चकचकीत असूनही छप्पर सपाट दिसतं.

तेच २० डिसेंबरला दुपारी साडेतीनला बघा. सूर्य सुमारे ३१ अंश उंचीवर, नैऋत्येला. १० अंशांच्या तुमच्या पाख्यावर २५ मिलिमीटरची सीम साधारण २७ मिलिमीटरची सावली पाडते, म्हणजे स्वतःच्या उंचीपेक्षा किंचित जास्त. सीम १० ची आणि सावली २७ ची, त्यामुळे १९२० च्या चित्रातही रेषा तीन-चार पिक्सेलांची होते. घराला याच उताराचं पश्चिमेकडचं पाखं असेल तर तिथेही याच वेळी सुमारे २३ मिलिमीटर सावली मिळते, म्हणजे दोन्ही पाख्यांच्या रेषा एकाच चित्रात उठून दिसतात.

हे अंदाजाने फिरवत बसू नका. `Sun Position` ॲड-ऑनमध्ये अक्षांश १५.८५, रेखांश ७४.५, टाइम झोन ५.५ आणि तारीख-वेळ भरा. सावली पूर्वेकडे पडतेय का ते बघा. पश्चिमेकडे पडत असेल तर मॉडेलची उत्तर दिशा चुकली आहे. सन लाइटचा `Angle` खऱ्या सूर्याइतका, सुमारे ०.५३ अंश ठेवा. तो दोन-तीन अंश केला की सावलीची कड थोडी मऊ होते. आणि `Sky Texture` मधली सूर्याची चकती चालू असताना वेगळा सन लाइटही ठेवला तर प्रत्येक सीमला दोन सावल्या पडू शकतात, म्हणून दोघांतला एकच ठेवा.

प्लास्टिक की आरसा, याचं उत्तर `Metallic` मध्ये आहे. घरावर बसणारा पत्रा बहुधा कलर कोटेड असतो, आणि आपल्याला दिसतो तो रंगाचा थर. आतला धातू दिसतच नाही. म्हणून `Metallic` शून्य. ते १ केलं की करडा पत्रा सगळं आकाश परत फेकतो, तोच तुमचा आरसा. बिनरंगी झिंक-ॲल्युमिनियम पत्रा दाखवायचा असेल तेव्हाच १ करा. कोटेड पत्र्याला `Roughness` ०.३५ ते ०.४५ आणि `IOR` १.५ पुरे.

मग चमक येणार कुठून? नजरेच्या कोनातून. असा रंगीत पृष्ठभाग समोरून पाहिला तर जेमतेम ४ टक्के प्रकाश परावर्तित करतो, पण पृष्ठभागाशी १५ अंशांइतक्या तिरक्या नजरेने पाहिला तर सुमारे पाव भाग. म्हणजे चमक बरीचशी कॅमेऱ्याच्या जागेवर ठरते. वळचण ३ मीटरवर असेल आणि कॅमेरा माणसाच्या डोळ्याएवढा, १.६ मीटरवर, तर वळचणीपासून ८ मीटरच्या आत पाख्याचा वरचा पृष्ठभाग दिसतच नाही. मागे गेलात तर दिसतो, पण इतका चपटा की सीम एकमेकींत मिसळतात. कॅमेरा ५ मीटर उंचीवर, वळचणीपासून २० मीटर दक्षिणेला ठेवा. तिथून वळचणीशी नजर पत्र्याला साडेपंधरा अंशांच्या आसपास टेकते. चमकही मिळते आणि रेषाही सुट्या राहतात.

त्या जागेवरून पत्रा उत्तरेकडचं, क्षितिजापासून साधारण २५ अंश वरचं आकाश दाखवतो. `World` ला नुसता करडा रंग दिलेला असेल तर परावर्तित व्हायला काहीच नाही, आणि तिथून प्लास्टिकचा भास सुरू होतो. `Sky Texture` मधलं क्षितिजाकडे उजळत जाणारं आकाश पुरतं. ढगांचा एचडीआरआय लावलात तर तो फिरवून नेमक्या उत्तरेच्या त्या पट्ट्यात उजळ ढग आणा. पाख्यावर वरून खाली हलकी छटा उतरताना दिसेल. एचडीआरआयमध्ये सूर्य असेल तर मात्र तो बाजूला ठेवा, नाहीतर पुन्हा दोन सावल्या.

सगळ्या पट्ट्या हुबेहूब सारख्या असल्या की चित्र खोटं वाटतं. `Geometry` नोडचं `Random Per Island` घेऊन `Map Range` ने `Roughness` पट्टीगणिक ०.३७ ते ०.४३ मध्ये फिरवा. यापेक्षा जास्त केलंत तर छप्पर ठिगळं लावल्यासारखं दिसतं. खऱ्या पत्र्यात हलक्या लाटाही असतात, पण या `Roughness` ला त्या फारशा दिसत नाहीत, त्यामागे वेळ घालवू नका. बिनरंगी पत्र्यावर मात्र त्या हव्यातच.

रंगाबद्दल एक पथ्य. क्लायंट हमखास काळाभोर पत्रा मागतात. `Base Color` ०.०२ च्या खाली गेला की सावलीला काळं करायला काही उरत नाही, चमक राहते पण रेषा मरतात. गडद करडा म्हणून ०.०६ ते ०.०८ पर्यंत जा. रेषा हाच चित्राचा विषय असेल तर ०.२ च्या आसपासचा मधला करडा सगळ्यात चांगला वाचतो.

रेंडर ३८४० वर करा आणि हवं तर नंतर १९२० ला उतरवा. आढ्याकडच्या सीम तुटक ठिपक्यांसारख्या दिसणं त्याने थांबतं. तरीही रेषा मध्येच पुसल्यासारखी वाटली तर डीनॉइझ बंद करून तोच तुकडा पुन्हा काढा. रेषा परत आली तर दोष डीनॉइझरचा. `Passes` मध्ये `Albedo and Normal` आणि `Prefilter` ला `Accurate` निवडा, सॅम्पल दुप्पट करा. डीनॉइझ बंद करूनही रेषा आली नाही तर सीम पत्र्यात बुडाली असणार. ठोकळ्याचा ओरिजिन मध्यावर राहिला की २५ पैकी साडेबारा मिलिमीटर पत्र्याखाली जातात आणि सावली निम्मी होते. ओरिजिन ठोकळ्याच्या तळाशी आणून ठोकळा पत्र्यावर टेकवा.