दोन स्क्रीनचा प्लॅन, घरात सात डिव्हाइस: नेमकं कुठे अडतं?

*आमचा दोन स्क्रीनचा प्लॅन आहे. एक ॲप घरातल्या सात ठिकाणी लॉगिन आहे आणि कुरकुर न करता चालतं. दुसऱ्या ॲपवर मात्र घरात कोणी काही बघत नसतानाही आईच्या नव्या टीव्हीवर डिव्हाइस लिमिट संपल्याचं येतं. मग स्क्रीन म्हणजे नक्की किती टीव्ही-मोबाईल?*

तुमची दोन्ही ॲप्स दोन वेगळ्या गोष्टी मोजतायत. पहिलं ॲप आत्ता या क्षणी किती ठिकाणी व्हिडिओ चालू आहे ते बघतं. दुसरं बघतं की तुमच्या खात्याला एकूण किती यंत्रं जोडलेली आहेत, मग ती चालू असोत की बंद. जाहिरातीत दोन्हीला ‘स्क्रीन’ किंवा ‘डिव्हाइस’च म्हणतात, सगळा घोळ तिथून सुरू होतो.

आधी पहिला प्रकार. नेटफ्लिक्सच्या स्टँडर्ड प्लॅनमध्ये एका वेळी दोन आणि प्रीमियममध्ये चार ठिकाणी बघता येतं. लॉगिन मात्र घरातल्या आठ-दहा यंत्रांवर करून ठेवलंत तरी चालतं. तुम्ही प्ले दाबता तेव्हा ॲप कंपनीच्या सर्व्हरकडून परवानगी घेतं, आणि पुढे चालू असेपर्यंत मधूनमधून ‘मी अजून बघतोय’ असं कळवत राहतं. दोन जागा भरलेल्या असतील तर तिसऱ्याला प्ले दाबल्यावरच नकार मिळतो. नेटफ्लिक्सवर तेव्हा `Too many people are using your account right now` अशा अर्थाचा मजकूर दिसतो.

यात एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. रिमोटने टीव्हीचा नुसता पडदा बंद केला आणि मागे लावलेली स्टिक चालूच राहिली, किंवा मध्येच लाइट गेली, तर ‘बघणं संपलं’ हा निरोप सर्व्हरला मिळत नाही. जागा काही वेळ अडकूनच राहते. हॉलमध्ये कोणी नाही, तरी आतल्या खोलीत चालत नाही, असं झालं की आधी हेच तपासायचं. बॅक दाबून व्हिडिओतून बाहेर पडा आणि मग टीव्ही बंद करा.

प्रोफाइलचा याच्याशी काडीचा संबंध नाही. पाच प्रोफाइल केल्या म्हणून पाच जण बघू शकत नाहीत, आणि एकाच प्रोफाइलवर दोघं बघत असले तरी दोन जागा जातातच.

आता तुमच्या आईंचा टीव्ही. इथे मर्यादा नोंदणीची आहे. उदाहरणार्थ, प्राइम व्हिडिओने जानेवारी २०२५ पासून भारतात एका खात्याला पाच डिव्हाइस ठेवली आणि त्या पाचात टीव्ही जास्तीत जास्त दोन. म्हणजे घरात फक्त तीन टीव्ही आहेत, मोबाईलवर कोणी बघतच नाही, अशा घरातही तिसरा टीव्ही अडतो. पाचातल्या तीन जागा रिकाम्या असल्या तरी उपयोग नाही.

नोंदणीच्या यादीत काय काय जाऊन बसतं हे कळायला आमच्या घरची गोष्ट सांगतो. ॲपचं नाव राहू दे. मर्यादा पाचची. मुलीच्या टॅबवर लॉगिन होईना, आणि आमच्या हिशोबाने घरात चारच यंत्रं होती: हॉलचा टीव्ही, आम्हा दोघांचे फोन आणि माझा लॅपटॉप. यादी उघडली तर जागा पाचही भरलेल्या. हॉलचा टीव्ही दोनदा होता, एकदा त्याच्या स्वतःच्या ॲपमुळे आणि एकदा मागे लावलेल्या स्टिकमुळे. आपल्याला भिंतीवर एक टीव्ही दिसतो, ॲपला ती दोन यंत्रं. तिसरा होता आधीचा टीव्ही, जो आम्ही दिवाळीत नवा घेताना एक्स्चेंजमध्ये देऊन टाकला होता आणि त्यावरून लॉगआउट करायचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही. चौथा माझा फोन. पाचवा बायकोचा फोन, तोसुद्धा जुना, आता सासूबाईंकडे गेलेला. तिच्या नव्या फोनवर आणि माझ्या लॅपटॉपवर ते ॲप कधी उघडलंच नव्हतं! जुना टीव्ही आणि स्टिक काढून टाकली, टॅब लगेच जोडला गेला. सासूबाईंचा फोन काढण्याची हिंमत मी केली नाही.

तुम्हीही हेच करा. मोबाईल किंवा लॅपटॉपवरून खात्याची सेटिंग उघडा. प्राइममध्ये `Your Devices` या नावाखाली यादी असते आणि प्रत्येकासमोर `Deregister`. नावं बऱ्याचदा नुसती कंपनीची किंवा मॉडेलची असतात, त्यामुळे कुठला टीव्ही कोणता ते कळत नसेल तर नोंदणीची तारीख दिसते का बघा. तरीही खात्री नसेल तर एकेक काढत जा. चुकून चालू टीव्ही निघाला तर पुन्हा लॉगिन करावं लागेल, इतकंच. फक्त पासवर्ड आणि ओटीपी येणारा फोन हाताशी ठेवा. आईंचा टीव्ही दुसऱ्या गावात असेल तर त्यांना रात्री नऊ वाजता फोनवरून लॉगिन शिकवण्याची वेळ यायला नको.

मेसेज वाचून काही कळत नसेल तर तो कधी येतो ते बघा. लॉगिन करताना किंवा ॲप उघडताच अडलं तर नोंदणीची यादी भरली आहे, आणि घरातले सगळे टीव्ही बंद करून उपयोग नाही. ॲप उघडलं, चित्रं दिसली आणि प्ले दाबल्यावर अडलं तर दुसरीकडे कोणीतरी बघतंय. तिथे यादीतलं यंत्र काढायची गरज नाही, एकाने थांबायचं.

नेटफ्लिक्सवर तिसरीही एक शक्यता असते. टीव्ही दुसऱ्या घरात, म्हणजे दुसऱ्या वायफायवर असेल तर तो तुमच्या ‘हाउसहोल्ड’चा भाग नाही असं येऊ शकतं. भारतात हे जुलै २०२३ पासून लागू झालं. तिथे चार स्क्रीनचा प्लॅन घेऊनही सुटका नाही, कारण अडचण संख्येची नसून घराची आहे. म्हणून आईंचा टीव्ही तुमच्याच घरात आहे की गावी, हे आधी बघा.

डाउनलोडची मोजणी याहून निराळी असते. नेटफ्लिक्सच्या स्टँडर्डमध्ये दोन आणि प्रीमियममध्ये सहा यंत्रांवर डाउनलोड ठेवता येतं. मुलीच्या टॅबवर आधीच उतरवून ठेवलेलं कार्टून इंटरनेट बंद करून लावलं तर चालू स्क्रीनमधली जागा जात नाही. संध्याकाळी हॉलमध्ये मालिका आणि आत माझी मॅच असते, तेव्हा आमच्याकडे तिसरी जागा अशीच निघते.

तुमच्या बाबतीत मोठा प्लॅन घ्यायची घाई करू नका. चालू स्क्रीन वाढल्या म्हणून नोंदणीची किंवा टीव्हीची मर्यादा वाढेलच असं नाही. आधी यादी उघडा आणि तुमच्या हॉलचा टीव्ही तिथे किती वेळा दिसतो ते मोजा.