सरांनी वाचलेला मेसेज

“मॅडम, सरांना पाठवलेल्या मेसेजमध्ये चूक दिसली, पण तोवर ब्लू टिक आल्या होत्या. एडिट करू, डिलीट करू, की गप्प बसू?”

माझ्याकडे आलेल्या एका मुलीची गोष्ट सांगते (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत). म्हापशात पर्यटनाच्या कामात. संध्याकाळी तिनं सरांना व्हॉट्सॲपवर लिहिलं, “उद्याचे पाहुणे सकाळी 9 ला दाबोळीला उतरतात.” पाहुणे खरं तर गोव्यातल्या दुसऱ्या विमानतळावर, मोपाला उतरणार होते. सरांनी मेसेज लगेच वाचला. सहा मिनिटांनी चूक लक्षात आल्यावर तिनं मेसेज एडिट करून ‘दाबोळी’चं ‘मोपा’ केलं आणि सुटकेचा श्वास टाकला.

घोटाळा तिथंच झाला. व्हॉट्सॲपवर मेसेज पाठवल्यापासून 15 मिनिटं बदलता येतो, पण बदलल्याची सूचना समोरच्याला जात नाही. मेसेजखाली बारीक अक्षरांत तशी नोंद तेवढी दिसते, तीही त्यानं चॅट पुन्हा उघडलं तर. सरांनी ड्रायव्हरला आधीच दाबोळी सांगून टाकलं होतं. रात्री ड्रायव्हरचाच फोन आला म्हणून निभावलं. त्यानंतर मात्र तिला धास्तीच बसली. साधा “हो सर” पाठवतानाही ती चार वेळा वाचायची, पाठवून झाल्यावर ‘मेसेज इन्फो’त जाऊन सरांनी कधी वाचला ते बघत बसायची.

मी तिला विचारलं, “एडिट कुणासाठी केलंस?” बराच वेळ गेल्यावर म्हणाली, “मला बरं वाटावं म्हणून.”

मग आम्ही तो मेसेज पुन्हा लिहून काढला: “सर, दुरुस्ती: पाहुणे मोपाला उतरतात, दाबोळीला नाही. वेळ तीच, 9. ड्रायव्हरला मी कळवू का?” पहिल्या मसुद्यात तिनं ‘खूप खूप सॉरी’ आणि दोन ओळींचं स्पष्टीकरण घातलं होतं. ते मी काढायला लावलं. माफीच्या गर्दीत मोपा दिसेनासा होतो.

तेव्हा जागा, वेळ, रक्कम यांत चूक असेल आणि मेसेज वाचून झाला असेल, तर नवा मेसेज पाठवा. काम लगेचचं असेल तर सरळ फोन करा. ‘आहे’चं ‘आहै’ झालं असेल तर खुशाल एडिट करा, किंवा राहू द्या. सूर तिखट लागला असेल, तर एडिट करून वाचलेलं पुसलं जात नाही; “घाईत लिहिलं, तक्रार म्हणून नव्हतं” एवढं पुरे.

डिलीट मी फक्त चुकीच्या माणसाला गेलेल्या किंवा कुणाची खासगी माहिती असलेल्या मेसेजसाठीच सुचवते. एरवी डिलीट केल्याची ओळ तिथं उरतेच, आणि आधी वाचलेले सर विचार करत बसतात की हिला काय लपवायचंय.

ती मुलगी अजून ‘मेसेज इन्फो’ उघडते, पण पाठवल्यावर अर्धा तास फोन पर्समध्ये ठेवायचं आम्ही ठरवलंय.