वेणी, ओढणी आणि कुत्र्याचं शेपूट : शॉट पूर्ण झाल्यानंतरचं काम

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी अ‍ॅनिमेशनच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. डेमो रीलसाठी एक शॉट केलाय. मुलगी धावत येते, थांबते आणि मान वळवून मागे बघते, सोबत तिचा कुत्रा आहे. शरीराच्या पोझेस सरांना आवडल्या. पण लांब वेणी, ओढणी आणि शेपूट यांना की द्यायला घेतल्या की सगळं एकतर काठीसारखं ताठ दिसतं, नाहीतर सापासारखं वळवळतं. प्रत्येक बोनच्या की 2 फ्रेम पुढे सरकवायच्या, असं शिकवलं होतं, तसंच केलंय. मित्र म्हणतो, हे हाताने करण्यात वेळ घालवू नकोस, सिम्युलेशन शीक आणि सीएफएक्समध्ये, म्हणजे केस-कपड्यांच्या सिम्युलेशनच्या विभागात जा. काय करू? (नाशिक)

उत्तर : मित्राच्या सल्ल्याकडे नंतर येते. आधी तुझी वेणी सोडवू, कारण कुठल्या विभागात जायचं याचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

कामाला हात घालण्याआधी एक खात्री कर. शरीराचं टायमिंग खरोखर पक्कं झालंय ना? स्टेप्डमधल्या ब्लॉकिंगवर वेणी हलवत बसलीस आणि नंतर सरांनी मानेचं वळण 3 फ्रेमनी लांबवलं, की वेणीचं सगळं काम पुन्हा करावं लागतं. शरीर स्प्लाइनमध्ये जाऊन मंजूर झालं की मगच वेणी. शेपटाची गोष्ट वेगळी, ती पुढे सांगते.

आता मानेचं वळण घेऊ. 24 फ्रेम प्रति सेकंद धरून मुलगी फ्रेम 10 ते 18 मध्ये चेहरा स्वतःच्या डावीकडे साधारण 60 अंश वळवते, असं समजू. चेहरा डावीकडे गेला की डोक्याची मागची बाजू उजवीकडे जाते. वेणी तिथेच अडकवलेली आहे, म्हणून तिचं मूळही उजवीकडे सरकतं आणि शेंडा मागे, म्हणजे डावीकडे राहतो. वाचायला सोपं वाटतं, पण विद्यार्थ्यांच्या शॉटमध्ये निम्म्या वेळा वेणी इथेच उलट्या दिशेने झुललेली दिसते, कारण सगळं लक्ष चेहऱ्याकडे असतं. वेणीला की देताना कॅमेरा पाठीमागे नेऊन काम कर, ही चूक लगेच कळेल.

आता किती हलवायची ते. डोक्याच्या मध्यापासून वेणीचं मूळ सुमारे 10 सेंमीवर असतं. 60 अंशांच्या वळणात ते बाजूला साधारण 9 सेंमी सरकतं. वेणी 60 सेंमी लांब असेल तर मागे राहिलेल्या शेंड्यामुळे तिचा कल 8 ते 10 अंशांचा होतो. कार्टून ढंगाचा शॉट असेल तर दीडपट-दुप्पट कर, हरकत नाही. पण तुझी वेणी काठीसारखी किंवा सापासारखी का दिसते, याचं पहिलं कारण इथे आहे. वेणीच्या पाच बोन एकमेकींच्या पोटात असतात, त्यामुळे वरच्या बोनचं फिरणं खालच्या प्रत्येकीला मिळतं. प्रत्येकीला 10 अंश दिलेस तर शेंडा 50 अंशांवर जातो. एकूण 10 अंश हवे असतील तर ते वाटून द्यावे लागतात. मागे राहण्याच्या टोकाच्या क्षणी `braid_01` ला 3.5, मग 2.5, 2, 1.2 आणि `braid_05` ला 0.8, असं काहीसं. वाक मुळाशी जास्त आणि शेंड्याकडे कमी. हे आकडे पाठ करू नकोस, बेरीज मात्र प्रत्येक वेळी करून बघ.

मग वेळ. लटकणारी वस्तू किती वेगाने झुलते हे तिच्या लांबीवर ठरतं. 60 सेंमीची वेणी एक पूर्ण हेलकावा घ्यायला साधारण सव्वा सेकंद घेते, म्हणजे 30 फ्रेम. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला 15. हीच पोनीटेल 15 सेंमीची असती तर पूर्ण हेलकावा 15 फ्रेममध्ये झाला असता, कारण लांबी चौपट झाली की वेळ दुप्पट होतो. तुझ्या शॉटमध्ये `braid_01` डावीकडच्या टोकाला फ्रेम 17 च्या आसपास पोहोचू दे, म्हणजे डोकं थांबायच्या जरा आधी. तिथून 15 फ्रेमनी, 32 ला, उजवं टोक. 47 ला पुन्हा डावीकडे थोडंसं आणि 62 पर्यंत शांत. वेणी पाठीला घासते, म्हणून दर वेळी कल साधारण निम्म्यावर येऊ दे : 10, मग 5, मग 2-3. सगळे हेलकावे सारखे ठेवलेस तर मुलगी थांबल्यावरही कोणीतरी वेणी ढकलतंय असं वाटतं. आणि हेलकावे लहान होत गेले तरी त्यांचा वेळ तोच राहतो. शेवटचे हेलकावे घाईघाईने 6-7 फ्रेममध्ये संपवले की वेणी स्प्रिंगसारखी थरथरते.

आता त्या 2 फ्रेमच्या नियमाकडे. नियम चुकीचा नाही, पण तो कशाच्या तुलनेत 2, हे कोणी सांगत नाही. पाच बोन, प्रत्येकी 2 फ्रेम, म्हणजे शेंडा मुळापेक्षा 8 फ्रेम उशिरा. अर्धा हेलकावाच 15 फ्रेमचा आहे, त्यात 8 फ्रेमचा उशीर म्हणजे मूळ टोकाला पोहोचलं तेव्हा शेंडा जेमतेम मधून जातोय. वळवळ तिथून येते. तुझ्या वेणीला प्रत्येक बोनमागे 1 फ्रेम पुरे, शेंड्याला एकूण 4. अर्ध्या हेलकाव्याच्या पाव ते तिसऱ्या हिश्शाइतका उशीर, हा माप म्हणून चांगला अंदाज आहे. छोट्या पोनीटेलमध्ये अर्धा हेलकावा 7-8 फ्रेमचा असतो, तिथे पाच बोनची साखळीच नको. तीन बोन आणि 1-1 फ्रेम.

जमलंय का, हे कसं ओळखायचं? फ्रेम 25 ते 27 एकेक करून पाहा. मूळ उजवीकडे कलू लागलंय आणि शेंडा अजून डावीकडे आहे, असा हलका ‘एस’ आकार या दोन-तीन फ्रेमपुरता दिसायला हवा. तो कुठेच दिसत नसेल आणि सगळी वेणी एकदम या बाजूची त्या बाजूला पलटत असेल तर उशीर कमी पडलाय. तो आठ-दहा फ्रेम टिकत असेल किंवा वेणीत दोन वाक दिसत असतील तर उशीर जास्त झालाय. ग्राफकडे बघून हे कळत नाही. तिथे सरकवलेल्या रेषा एकापाठोपाठ एक फार देखण्या दिसतात आणि त्यानेच फसायला होतं.

एक आठवण करून देते. वेणी डोक्याच्या बोनच्या पोटात आहे. मुलगी थांबताना डोकं 15-20 अंश पुढे झुकवत असेल तर वेणीही तेवढीच ताठ फिरून पाठीपासून उचलली जाईल. `braid_01` ला उलट दिशेने तेवढंच फिरवून ती आधी गुरुत्वाकर्षणाच्या दिशेला लटकव, मग त्यावर हेलकावा चढव. काही रिगमध्ये डोक्याला धरून राहायचं की शरीराला, असा स्विच असतो. असेल तर वापर.

शॉट धावण्यापासून सुरू होतो, म्हणून पहिल्या फ्रेमकडेही बघ. की पुढे सरकवल्यामुळे शेंड्याच्या बोनला फ्रेम 1 वर की उरत नाही. ती पहिल्या की पर्यंत गोठलेली असते आणि बाकीची वेणी हलत असते. धावण्याचं एक पूर्ण आवर्तन फ्रेम 1 च्या आधी, उणे फ्रेममध्ये ठेव, म्हणजे शॉट उघडताना वेणी आधीच धावत असेल.

ओढणीला हे गणित लावू नकोस. जॉर्जेटची ओढणी इतकी हलकी असते की हवा तिचा हेलकावा होऊच देत नाही. मुलगी थांबली की ओढणी वेगात पुढे येते, फुगते आणि 20-25 फ्रेम घेत सावकाश खाली बसते. परत मागे झुलत नाही. जाड सुती ओढणी एकदा झुलते, फार तर दोनदा. तुझी ओढणी वेणीच्याच ठेक्यात पुढे-मागे होतेय, म्हणूनच ती कापड न वाटता चामड्याचा पट्टा वाटत असणार. शिवाय वेणी आणि ओढणी एकाच फ्रेमला टोक गाठत असतील तर 3-4 फ्रेमचा फरक ठेव.

शेपटात स्नायू असतात, हा मोठा फरक. वेणीची पहिली बोन डोक्याचं ऐकते, शेपटाची पहिली बोन कुत्र्याच्या मनाचंही ऐकते. म्हणून शेपटाच्या मुळाची पोझ ब्लॉकिंगमध्येच ठरव : धावताना मागे सरळ, थांबल्यावर वर, मालकिणीने मागे पाहिल्यावर हलायला सुरुवात. पहिल्या दोन बोनना हाताने विचारपूर्वक की दे. ओढल्या जाण्याचा भाग फक्त शेवटच्या तीनमध्ये. आणि धावताना कंबर वर-खाली फिरते, ते फिरणं शेपटाला आपोआप मिळतं. मुळावर ते थोडं उलटं फिरवून काढलं नाहीस तर शेपूट पंपाच्या दांड्यासारखं वर-खाली होत राहील.

आता सीएफएक्स. चित्रपट आणि व्हीएफएक्सच्या मोठ्या स्टुडिओंमध्ये केस आणि कपडे बहुतेक तोच विभाग करतो, अ‍ॅनिमेशन मंजूर झाल्यावर. त्या अर्थाने मित्र बरोबर आहे. पण शेपूट, कान, सोंड हे अभिनयाचे भाग असल्याने बहुधा अ‍ॅनिमेटरकडेच राहतात. टीव्ही मालिकांच्या कामात सिम्युलेशनला वेळ आणि पैसा दोन्ही कमी, तिथे वेणीही हातानेच. गेममध्ये बराचसा भाग खेळ चालू असतानाच इंजिन हलवतं आणि ती सेटिंग्ज टेक्निकल आर्टिस्ट किंवा रिगर बसवतो.

सीएफएक्सचं रोजचं काम वेगळ्या स्वभावाचं आहे. कापड काखेत चिमटलं आणि उसळून बाहेर आलं, ओढणी दंडात घुसली, केस खांद्यातून आरपार गेले, हे शोधून दुरुस्त करणं, आणि त्यासाठी माया किंवा हुडिनी आणि थोडं पायथन. पात्राच्या अभिनयाचे निर्णय तिथे तुझ्या हातात नसतात. तुझ्या पत्रात पोझेसबद्दल अभिमान आहे आणि वेणीबद्दल वैताग. वैतागाचं कारण काम नावडणं नसून चुकीचं माप असेल, तर विभाग बदलायची घाई करू नकोस. वरच्या पद्धतीने वेणी पुन्हा कर, दोन-तीन दिवसांचं काम आहे. नंतर त्याच शॉटवर ओढणीचं सिम्युलेशन करून बघ. त्यासाठी शॉटच्या आधी 40-50 फ्रेम मोकळ्या ठेव, मुलगी हात पसरलेल्या मूळ पोझमधून पहिल्या पोझमध्ये सावकाश येऊ दे, म्हणजे कापडाला अंगावर बसायला अवकाश मिळतो. यातलं कोणतं काम संध्याकाळी उशिरापर्यंत करावंसं वाटलं, ते लक्षात ठेव.

अ‍ॅनिमेटरच्या जागेसाठी अर्ज करणार असशील तर रीलमध्ये हाताने केलेली वेणी ठेव आणि शॉटखाली तसं लिही. सीएफएक्ससाठी तोच शॉट दोनदा दाखव, आधी नुसतं शरीर, मग कापडासकट, आणि थांबण्याचा क्षण एकदा हळू गतीने. रील बघणारे आवडलेल्या शॉटवर थांबून तो एकेक फ्रेम पुढे सरकवतात. तेव्हा मान वळल्यानंतर किमान 45 फ्रेम शॉट चालू राहू दे. वेणी शांत होण्याआधीच कापलास तर त्यांना बघायचं होतं तेच दिसत नाही.