घरी हलूमी: तव्यावर न वितळणारं चीज

प्रश्न: तव्यावर भाजलं तरी वितळत नाही असं सायप्रसचं हलूमी घरी करता येईल का? माझं चीज दरवेळी पसरतं.

येईल. बहुधा तुम्ही दूध विरजण किंवा दही घालून आंबवताय. आंबटपणा वाढला की चीजमधलं कॅल्शियम सुटतं आणि चीज तव्यावर पसरतं. हलूमीत विरजण नाही, फक्त दूध घट्ट जमवणारं रेनेट (शाकाहारीही मिळतं).

दोन लिटर फुल क्रीम दूध ३२ अंशांवर आणा, टेट्रापॅकचं नको, ते नीट जमत नाही. रेनेट पाकिटावरच्या मापाने थंड पाण्यात विरघळवून घाला. पाऊणएक तासाने सुरी घातल्यावर स्वच्छ चीर पडली आणि हिरवट निवळी दिसली, की हरभऱ्याएवढे तुकडे कापा. हळू ढवळत ३८ अंशांपर्यंत न्या, मग फडक्यात बांधून वजनाखाली तासभर दाबा. निवळी फेकू नका!

खरी गंमत पुढे. निवळी ९० अंशांवर तापवून त्यात दाबून तयार झालेली चीजची वडी सोडा. ती वर तरंगली तरी अर्धा तास राहू द्या. हीच पायरी टाळली तर चीज मऊ राहतं. गार झाल्यावर लिटरभर निवळीत १०० ग्रॅम मीठ विरघळवून वडी त्यात बुडवून फ्रीजमध्ये ठेवा.

भाजताना सेंटीमीटरभर जाड काप पुसून कोरडे करा. आधी पाणी सुटेल, ते आटेपर्यंत उलटू नका.