कुंडीतली जुनी माती पुन्हा वापरताना

प्रश्न : आमचं गाव करवीर तालुक्यात. गच्चीवर 12 इंची 8 कुंड्या आहेत, त्यातली टोमॅटो-मिरचीची झाडं संपली. दुकानदार म्हणतो, माती मेली, टाकून द्या. नाहीतर डीएपी आणि दाणेदार औषध मिसळून लगेच नवीन रोपं लावा. काय करू?

उत्तर : ताई, माती टाकू नका आणि दुकानातून डीएपी किंवा दाणेदार औषध आणूही नका. आधी उपटलेल्या झाडांची मुळं धुऊन बघा. मुळाच्या अंगातच फुगलेल्या, नखाने सोलून न निघणाऱ्या गाठी असतील तर ते सूत्रकृमी. त्या मातीवर उपाय होतो, खाली सांगतो. एखादं झाड हिरवंगार असताना एका-दोन दिवसांत माना टाकून गेलं असेल, तर बुडाजवळचा खोडाचा तुकडा कापून काचेच्या ग्लासात पाण्यात धरा. थोड्या वेळात कापलेल्या टोकातून दुधासारखा धागा खाली उतरला तर ती जिवाणूजन्य मर. तेवढ्या कुंडीची माती भाजीच्या वाफ्यापासून लांब खड्ड्यात पुरा. ऊन देऊन ती सुधारेल याचा भरवसा नाही.

बाकीच्या कुंड्यांत वर पांढरी खपली दिसत असेल तर ते क्षार. ऊन क्षार काढत नाही. वरचा इंचभर थर खरवडा, कुंडी रिकामी करण्याआधी दोनदा भरपूर पाणी घालून तळातून निथळू द्या.

मग माती गच्चीवर ताडपत्रीवर दोन-तीन इंच जाडीने पसरा आणि ढेकळं फोडत चार-पाच दिवस वाळवा. गवंडी वाळू चाळतात त्या चाळणीने चाळा. बारीक चाळणी घेऊ नका, नुसता भुगा उरतो आणि पहिल्या पाण्यालाच तो सिमेंटसारखा बसतो. चाळणीवर राहिलेल्या गाठीच्या मुळ्या उकिरड्यावर टाकू नका, जाळून टाका.

बरेच जण इथेच थांबतात. कोरड्या मातीत कृमींची अंडी आणि तणाचं बी नुसतं झोपून राहतं. मारते ती ओली उष्णता. म्हणून चाळलेली माती पुन्हा ओलवा. मुठीत दाबली की लाडू व्हावा, पाणी गळू नये, इतकीच. सहा इंचांचा थर करा, वर पातळ पारदर्शक प्लॅस्टिक ताणून बसवा, कडा विटांनी आणि मातीने बंद करा. दुकानात काळा मल्चिंग पेपर गळ्यात मारतील. नको. ऊन आरपार गेलं पाहिजे. चार आठवडे उघडू नका. हे सगळं एप्रिलच्या सुरुवातीलाच घ्या, आपल्याकडे वळीव कधी गाठेल सांगता येत नाही. जूनमध्ये झाकलेली माती तापत नाही, नुसती कुबट होते.

या उन्हात उपयोगी जीवही बरेच मरतात. म्हणून ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी आधी घालू नका, पैसे वाया. प्लॅस्टिक काढल्यावर 8 घमेली मातीला 3 घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि 400 ग्रॅम निंबोळी पेंड घ्या. शेणखतात किलोला 10 ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळा, मग सगळं एकत्र करा. माती घट्ट वाटली तर एक घमेलं भाताचं तूस टाका. ओलसर ठेवून सावलीत पंधरा दिवस मुरवा. कारखान्याची ताजी मळी फुकट मिळते म्हणून आणू नका. ती आत तापते आणि कोवळी मुळं भाजतात. वर्षभर कुजलेली असेल तर चालेल.

आता डीएपी. कुंडीत नको. शेतात खताचं मीठ पसरायला जागा असते, कुंडीत ते मुळाभोवतीच राहतं. पानांची टोकं करपली, माती ओली असून दुपारी रोप मलूल दिसलं की लोक आणखी खत घालतात आणि झाड घालवतात. युरियाही नको. दुकानदाराने "चिमूटभर" म्हटलं तरी नको. दाणेदार औषध तर खाण्याच्या भाजीला मुळीच नको. त्यातल्या फोरेटवर 2020 अखेरपासून बंदीच आहे, तरी कुणाकडे जुनी पुडी निघते. घरात लहान पोरं असतात, विचार करा.

लावणीआधी एका कुंडीत मूठभर मेथी पेरून बघा. चार-पाच दिवसांत सरळ, हिरवी उगवली तर रोपं लावा. वाकडी, पिवळी आली किंवा हात घातल्यावर माती कोमट लागली तर आणखी आठवडाभर थांबा. टोमॅटोच्या कुंडीत या खेपेला टोमॅटो, मिरची, वांगं नको. जिथे गाठी होत्या तिथे एक हंगाम झेंडू घ्या.

माती तपासणीचं विचाराल म्हणून सांगतो, मृदा आरोग्य पत्रिका शेतजमिनीसाठी आहे, कुंड्यांसाठी नाही. शेताचा नमुना मात्र जरूर द्या.