मालकाला लिहिताना 'आपण' टाळा (मला ते ९,२०० रुपयांना पडलं)

प्रश्न: "धुळ्यात भाड्याने राहतो. पाइप गळून स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल आली आहे. मालक काका स्वभावाने चांगले, पण दोन महिने झाले, फोनवर नुसतं 'बघतो' म्हणतात. आता मराठीत मेल करायचा आहे. कडक वाटावा पण उद्धट नको. शुद्धलेखनाचीही धास्ती आहे. कसा लिहू?"

भाऊ, तुमची पोस्ट वाचून मला जळगावातली माझी जुनी खोली आठवली. भिंतीच्या जागी गच्ची होती, एवढाच फरक. फोटो जोडा, विषय लिहा वगैरे तुम्हाला माहीत असणारच, ते सोडतो. मी जिथे फसलो, तेवढंच सांगतो.

माझे मालक पुण्याला राहायचे, वयाने मोठे. त्यांना 'तुम्ही' लिहायला जीभ, म्हणजे बोट, अडखळलं. म्हणून आदराने लिहिलं: "पावसाळ्याआधी आपण गच्चीची दुरुस्ती करायची, असे आपले फोनवर ठरले होते." मला वाटलं, काय सभ्य वाक्य जमलंय! त्यांनी जुलैत दुरुस्ती केलीही. खर्च १८,४०० रुपये. पुढच्या वर्षी खोली सोडली, तेव्हा ३०,००० च्या डिपॉझिटमधून ९,२०० कापून आले. विचारलं तर माझाच मेल मला परत पाठवला. "आपण करायची असं तुम्हीच लिहिलंय. आपण म्हणजे तुम्ही आणि मी. निम्मे निम्मे."

आता हे वाक्य त्यांच्या बाजूने वाचून बघा. मराठीत 'आपण' म्हणजे आदराने समोरचा, आणि 'आपण' म्हणजे तो आणि मी मिळूनही. एरवी क्रियापद घोटाळा सोडवतं: 'आपण करणार होता' म्हटलं की तो एकटा, 'आपण करणार होतो' म्हटलं की दोघं. पण मी वापरलं 'करायची', आणि ते रूप गच्चीच्या दुरुस्तीप्रमाणे चालतं. कोणी करायची, ते त्यातून कळतच नाही. वर पुढे 'आपले ठरले', तिथे मात्र 'आपले' म्हणजे दोघांचे हे उघड आहे. मग आधीचा 'आपण'ही दोघांचाच वाचला गेला, यात त्यांचं तरी काय चुकलं? (चुकलं, पण ते वेगळं.)

एका कार्यालयात दाद मागायला गेलो. भर एप्रिलच्या उन्हात तीन खेपा. पहिल्यांदा साहेब जेवायला गेलेले, दुसऱ्यांदा म्हणाले टेबल दुसरं, तिसऱ्यांदा मेलचं प्रिंट हातात घेऊन म्हणाले, "हे तर दोघांचं ठरलेलं दिसतंय, मग भांडण कसलं?" बाहेर आलो तर रसवंतीवाला विचारतो, "काय व्हयनं भो?" त्याला काय व्याकरण सांगणार! असो.

तर माझं ठाम मत: तक्रारीच्या मेलमध्ये पहिल्यापासून शेवटपर्यंत 'तुम्ही'. 'तुम्ही'मध्ये पुरेसा मान आहे. फार वाटलं तर सुरुवातीला 'आदरणीय काका' लिहा आणि मोकळे व्हा.

उद्धटपणा मात्र 'तुम्ही'त नसतो, 'च'मध्ये असतो. "तुम्हीच म्हणाला होता", "फोनच उचलत नाही", "कधीच लक्ष देत नाही". मेल लिहून झाला की प्रत्येक 'च'वर बोट ठेवा आणि खोडा. अर्थ तसाच राहतो, टोमणा जातो. 'एकदाचं करून टाका' मधलं 'एकदाचं'ही त्याच जातीचं. 'हलगर्जीपणा', 'टाळाटाळ' हे शब्द काढा आणि त्या जागी तारीख घाला. "तुम्ही टाळाटाळ करता" याला उत्तर देता येतं. "१२ मे रोजी आठ दिवसांत माणूस पाठवतो असे तुम्ही सांगितले होते, अद्याप कोणी आलेले नाही" याला काय उत्तर देणार?

कडकपणा कुठून येतो? माझ्या मते एका तारखेतून आणि 'करावा' या रूपातून. 'करता आलं तर बरं होईल' म्हणजे पुन्हा 'बघतो'. 'केलाच पाहिजे' म्हणजे दरडावणी. 'लवकरात लवकर' म्हणजे काहीच नाही. मी आज लिहिलं असतं तर असं (तारखा तुमच्या घाला):

"विषय: स्वयंपाकघरातील पाइपची गळती, २० जूनपर्यंत दुरुस्तीची विनंती

आदरणीय काका,
स्वयंपाकघराच्या भिंतीतील पाइप गळत असल्याचे मी तुम्हाला ४ एप्रिल रोजी फोनवर कळवले होते. १२ मे रोजी आठ दिवसांत माणूस पाठवतो असे तुम्ही सांगितले होते. आज ५ जून आहे. अद्याप कोणी आलेले नाही आणि ओल विजेच्या बोर्डाजवळ पोहोचली आहे. फोटो जोडले आहेत.
तुम्ही हा पाइप २० जूनपर्यंत तुमच्या खर्चाने दुरुस्त करून द्यावा, ही विनंती. माणूस येणार त्याच्या आदल्या दिवशी कळवल्यास मी घरी थांबेन. तोपर्यंत काम झाले नाही, तर पुढे काय करायचे हे मी करारातील दुरुस्तीच्या अटीनुसार ठरवीन आणि तुम्हाला लेखी कळवीन."

'तुमच्या खर्चाने' हे दोन शब्द माझ्या मेलमध्ये नव्हते. मात्र करारात दुरुस्ती भाडेकरूकडे टाकलेली असेल तर ते लिहू नका, आधी करार वाचा.

शुद्धलेखनाचं फार मनावर घेऊ नका. आपल्याकडच्या बोलण्यातून दोन-तीन गोष्टी घुसतात, तेवढ्या बघा. 'मी थांबेल' नाही, 'थांबेन'. 'ठरवेल' नाही, 'ठरवीन'. पावती 'भेटत' नाही, 'मिळते'. 'तुम्ही मला बोलले' नाही, 'तुम्ही मला म्हणाला' किंवा 'सांगितले'. 'दुरुस्ती'त दोन्ही उकार ऱ्हस्व. आणि एका ओळीत 'केलं', दुसरीत 'केले' असं नको. मेलमध्ये 'केले' धरा आणि तेच ठेवा. (इथे मी 'केलं' लिहितोय, पण हा काही मेल नाही.)

पंधरा दिवस का दिले? महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ मध्ये दुरुस्तीसाठी मालकाला किमान १५ दिवसांची नोटीस सांगितली आहे. त्यानंतर वाजवी वेळेत त्याने काम केलं नाही तर भाडेकरू स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. भाडं ७,५०० असेल तर वर्षाचे ९०,०००, म्हणजे मर्यादा २२,५००. पण थांबा, उद्या लगेच भाडं कापू नका! हे कलम 'भाडेकरू'बद्दल आहे. तुमचा करार ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स असेल, तर तुम्ही कायद्याच्या भाषेत परवानाधारक, आणि मुख्य आधार करारातल्या अटीचा. मी वकील नाही, पैसे कापण्याआधी एखाद्या वकिलाला करार दाखवा. म्हणूनच वरच्या मेलमध्ये कलम घातलेलं नाही. पहिल्याच मेलमध्ये कलम दिसलं की काका मेल मुलाकडे देतील, मुलगा वकिलाकडे, आणि पाइप तसाच गळत राहील.

मेल रात्री लिहा, सकाळी पाठवा. पाठवला की काकांना फोन करून सांगा, "काका, मेल टाकलाय, तेवढा बघून घ्या." त्यांनी फोनवर 'बरं, शनिवारी माणूस पाठवतो' म्हटलं, तर त्याच मेलखाली एक ओळ लिहून पाठवा: "आताच फोनवर बोलल्याप्रमाणे तुम्ही शनिवारी माणूस पाठवणार आहात." आणि ते 'तुम्ही' विसरू नका.