हळदीतली बिअर आणि उशिरा कळलेली गोड बातमी

"ताई, नणंदेच्या हळदीत मी बिअर घेतली, मग परत एकदा थोडी फेणी. तेव्हा दिवस गेलेत हे ठाऊकच नव्हतं. बाळात काही दोष येईल का? पाडावं लागेल का?"

पाडण्याचं कारण यात नाही. मेडिकलमधून गुपचूप गोळ्या आणून घेणं मात्र खरोखर धोक्याचं आहे.

वेंगुर्ल्याकडची ही बाई रडतच आली होती. अशा वेळी आधी कॅलेंडर काढावं, कारण धोका किती हे तारखा आणि प्रमाण यांवर ठरतं. तिची शेवटची पाळी ४ एप्रिलची, चक्र २८ दिवसांचं. म्हणजे गर्भ साधारण १८ एप्रिलला राहिला. हळद २२ला होती. गर्भ गर्भाशयात रुजायला सहा ते दहा दिवस लागतात, तोवर आईच्या रक्ताशी त्याचा संबंध जुळलेला नसतो. पहिल्या दोन आठवड्यांत मोठा आघात झालाच तर गर्भ सहसा टिकत नाही. टिकला तर पेशी भरून निघतात आणि वाढ पुढे चालू राहते. त्या रात्री तिने ६५० मिलीची स्ट्राँग बिअर एकटीने संपवली होती. आठ टक्क्यांच्या हिशोबाने ते सुमारे ४० ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे ३० मिलीचे चार पेग. प्रमाण कमी नव्हतं, पण तारीख तिच्या बाजूची होती.

फेणी ६ मेची, लिंबूसोड्यात ३० मिली. तोवर गर्भ रुजला होता, मेंदू-मज्जारज्जूची घडण नुकती सुरू होत होती. म्हणून 'काहीच धोका नाही' असं तिला सांगितलं नाही. गरोदरपणात दारूचं सुरक्षित प्रमाण ठरलेलं नाही. पण अशा एखाद्या पेगने बाळाला इजा झाल्याचा ठोस पुरावाही नाही, धोका कमीच धरला जातो. पुढचे आठवडे पिणं चालू राहिलं असतं, किंवा एका बैठकीत चार-पाच पेग वारंवार झाले असते, तर उत्तर वेगळं असतं.

११ मेला टेस्ट पॉझिटिव्ह आली, त्या दिवसापासून तिने दारू बंद केली. सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो. फॉलिक ॲसिड ४०० मायक्रोग्रॅम रोज, बारा आठवड्यांपर्यंत. सातव्या-आठव्या आठवड्यात सोनोग्राफी, म्हणजे तारखा पक्क्या होतात. पाळी अनियमित असेल तर वरचा हिशोब त्यावरूनच पुन्हा मांडावा. कधी, काय, किती घेतलं हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावं, सासूबाईंसमोर नको असेल तर एकटीने आत जाऊन. अठरा ते वीस आठवड्यांची सोनोग्राफी अवयव दाखवते, दारूचा मेंदूवरचा सूक्ष्म परिणाम दाखवत नाही.

एक गोष्ट तिला आधीच सांगून ठेवली. दारू न घेणाऱ्यांचेही दर शंभरात दहा-पंधरा गर्भ पडतात, बहुतेक गुणसूत्रांतल्या दोषाने. तसं झालंच, तर त्या हळदीच्या रात्रीला दोष लावून घेऊ नये.

आणि जिला रोजची सवय आहे, तिने एकदम बंद न करता आधी डॉक्टरांना भेटावं. अचानक सोडल्याने हात थरथरतात, झटकेही येऊ शकतात.